दशांशचिन्ह कॅमेऱ्यात का हरवतं

पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरलेल्या वहीतून सगळ्यात आधी दिसेनासं होतं ते दशांशचिन्ह. मग अनुस्वार जातात, मग जोडाक्षरं एकमेकांत मिसळून त्यांचे काळे ठिपके होतात आणि शेवटी ओळींच्या जागी नुसत्या करड्या पट्ट्या उरतात. पलीकडून बाई विचारतात, “उत्तर ३५ आलंय की ३.५?” मूल वही आणखी जवळ नेतं, आणि अक्षरं आणखी पुसट होतात. बाई म्हणतात, “थोडी लांब धर.” लांब धरली की अक्षरं इतकी बारीक होतात की वाचता येत नाहीत. ऑनलाइन शिकवणीत हा प्रकार रोजचा झाला आहे, आणि त्यावर घरोघरी एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जास्त मेगापिक्सेलचा फोन घेणं. तो घेतल्यावरही दशांशचिन्ह बहुतेकदा दिसत नाहीच. त्याला कारण आहे, आणि ते समजून घेतलं तर पुष्कळ घरांत नव्या फोनचा खर्च वाचू शकतो.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचं भिंग हलत नाही. कारखान्यात ते एका ठरावीक अंतरावर नेमकं बसवतात आणि तिथेच चिकटवतात. याला फिक्स्ड फोकस म्हणतात. हे अंतर साधारणपणे सेल्फी घेताना हात लांब केल्यावर होतं तेवढं, समजा ६० सेंटिमीटर, धरलेलं असतं. त्या अंतरावरची वस्तू सर्वांत रेखीव दिसते. तिथून पुढेमागे गेलं की प्रत्येक बिंदू पसरून त्याची छोटी चकती होऊ लागते. चकती किती मोठी होईल हे काढायला सोपं गणित आहे. भिंगाच्या तोंडाचा व्यास घ्यायचा, वस्तू नेमक्या जागेपासून किती सरकली आहे त्या अंतराने त्याला गुणायचं आणि ६० सेंटिमीटरने भागायचं. वस्तूच्या पृष्ठभागावर प्रत्येक बिंदू किती पसरलाय ते त्यातून मिळतं.

पुढच्या कॅमेऱ्याचं भिंग फार लहान असतं. नाभीय अंतर २.७ मिलिमीटर आणि छिद्र एफ/२.२ असं एक नेहमीचं उदाहरण घेतलं, तर तोंडाचा व्यास होतो सुमारे १.२ मिलिमीटर. आता वही २० सेंटिमीटरवर धरली, म्हणजे ती नेमक्या जागेपासून ४० सेंटिमीटर आत आली. १.२ गुणिले ४० भागिले ६०, उत्तर ०.८ मिलिमीटर. बॉलपेन एकदा टेकवून दिलेलं दशांशचिन्ह जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्याची शाई आता ०.८ मिलिमीटरच्या चकतीत पसरली, म्हणजे टिंब रुंद झालं आणि त्याचा काळेपणा निम्म्याहूनही कमी झाला. कागदावर ठसठशीत असलेलं चिन्ह कॅमेऱ्याला फिकट करड्या डागासारखं दिसतं. वही १५ सेंटिमीटरवर नेली तर पसारा ०.९ मिलिमीटर होतो. जवळ नेऊन अक्षरं पुसट का होतात, ते इथे कळतं.

मग लांब धरावी? वही ५० सेंटिमीटरवर नेली तर पसारा फक्त ०.२ मिलिमीटर उरतो. फोकसचा प्रश्न जवळजवळ मिटला. पण आता दुसरी अडचण येते. आडव्या धरलेल्या फोनचा पुढचा कॅमेरा ५० सेंटिमीटर अंतरावर साधारण ७० सेंटिमीटर रुंदीचा देखावा टिपतो, कारण सेल्फीत चार माणसं मावावीत म्हणून त्याचा कोन रुंद ठेवलेला असतो. व्हिडिओ कॉलमध्ये चांगल्यापैकी समजलं जाणारं ७२०पी चित्र १२८० पिक्सेल रुंद असतं. ७०० मिलिमीटरमध्ये १२८० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला दोनसुद्धा नाहीत. दशांशचिन्हाच्या वाट्याला एक पूर्ण पिक्सेलही येत नाही. तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला पाच-सहा पिक्सेल मिळतात, आणि तेवढ्यात शिरोरेघ, काना, मात्रा आणि अनुस्वार बसवायचे म्हणजे कशाचाच आकार धड उरत नाही. ३५ सेंटिमीटरवर धरली तर टिंबाला एकाहून थोडा जास्त पिक्सेल मिळतो, पण पसारा पुन्हा अर्ध्या मिलिमीटरवर जातो. म्हणजे अशा कॅमेऱ्यासमोर वही वाचता येईल अशी जागाच नसते. मुलाने ती कितीही मागेपुढे केली तरी फरक पडत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नसते.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हाच कॅमेरा पुरेसा आहे. ३५ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत जो पसारा होतो, तो ७२०पी चित्राच्या एक-दीड पिक्सेलच्या आसपासच राहतो, त्यामुळे डोळ्यांना तो खुपत नाही. फोन टेबलावर ठेवून, समोर बसून बोलायचं असेल तर ऑटोफोकस नसल्याने काहीच बिघडत नाही. ऑटोफोकस लागतो तो जवळ धरून दाखवायच्या गोष्टींसाठी. वही, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, विणकामातला टाका, सर्किट बोर्डावरचा सुटा भाग, डॉक्टरांना दाखवायचा त्वचेवरचा चट्टा, या सगळ्या गोष्टी माणूस स्वाभाविकपणे २० सेंटिमीटरच्या आत आणतो.

त्यासाठी फुकट उपाय आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. फोनचा मागचा मुख्य कॅमेरा. अगदी स्वस्त फोनमध्येही मागच्या मुख्य कॅमेऱ्याला बहुधा ऑटोफोकस असतो. झूम, गूगल मीट, व्हॉट्सॲप या सगळ्यांत कॉल चालू असताना कॅमेरा बदलायचं बटण आहे. मागच्या कॅमेऱ्यासमोर २० सेंटिमीटरवर मोठ्या वहीचं पान आडव्या चित्रात जवळजवळ कडेपासून कडेपर्यंत बसतं आणि एका मिलिमीटरला पाच पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरच्या टिंबाला अडीच पिक्सेल, अक्षराला पंधरा. आता ३.५ हे ३.५ म्हणूनच वाचलं जातं. मोठा सेन्सर असलेल्या महागड्या फोनबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांचा मुख्य कॅमेरा १५ ते २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही, त्यामुळे तिथे वही फार जवळ न नेता थोडी मागे घेऊनच धरावी.

याच संदर्भात पुष्कळ मुलांच्या मनात एक शंका असते, की आपल्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात म्हणजे बाईंनाही उलटीच दिसत असणार. तसं नाही. पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आपल्यापुरतं आरशासारखं उलटवून दाखवलेलं असतं, पलीकडे ते सरळच जातं. या गैरसमजापायी मुलं वही दाखवायचंच टाळतात, म्हणून हे एकदा घरात सांगून टाकावं.

पुढच्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस देणं अवघड होतं ते जागेमुळे. भिंग पुढेमागे सरकवायला एक छोटी कॉइल आणि चुंबक बसवावं लागतं आणि पडद्याच्या कडेच्या त्या भोकामागे जागा फार थोडी असते. तरी सॅमसंगने २०१७ च्या गॅलॅक्सी एस८मध्ये तो दिला होता. ॲपलने २०२२ च्या आयफोन १४ मालिकेत दिला आणि त्याबरोबर छिद्र एफ/२.२वरून एफ/१.९ केलं. गूगलने २०२३मध्ये पिक्सेल ८ प्रोच्या पुढच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस दिला, पण त्याच वर्षीच्या साध्या पिक्सेल ८ला दिला नाही. एकाच मालिकेतल्या दोन फोनमध्येही असा फरक असतो, म्हणून मालिकेच्या नावावर विसंबू नये.

आयफोनच्या उदाहरणातला छिद्राचा बदल महत्त्वाचा आहे. छिद्र मोठं केलं की प्रकाश जास्त येतो, पण वर केलेल्या गणितानुसार पसाराही वाढतो, म्हणजे रेखीव दिसण्याचा पट्टा अरुंद होतो. फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्याला म्हणूनच छिद्र फार मोठं करून चालत नाही. भिंग सरकवता येऊ लागलं की ही अडचण जाते. एफ/२.२वरून एफ/१.९वर गेल्याने प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे ऑटोफोकसचा एक फायदा अंधारातही मिळतो, आणि जाहिरातीत तो सहसा सांगितला जात नाही.

दुकानात ऑटोफोकस ओळखायची पद्धत सोपी आहे. पुढचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवा, एखादं व्हिजिटिंग कार्ड आधी हातभर अंतरावर धरा आणि मग झटकन २० सेंटिमीटरवर आणा. ऑटोफोकस असेल तर अक्षरं क्षणभर धूसर होऊन पुन्हा रेखीव होतील आणि मागची भिंत धूसर होईल. नसेल तर अक्षरं धूसरच राहतील. पडद्यावर बोट टेकवल्यावर चौकोन उमटतो म्हणून फसू नका. फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्यातही तो उमटतो, पण त्याने फक्त उजेड कमीजास्त होतो.

आता मेगापिक्सेलकडे वळू. ३२ मेगापिक्सेल म्हणजे तीन कोटी वीस लाख पिक्सेल. ७२०पी चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे नऊ लाख एकवीस हजार पिक्सेल असतात. सेन्सरवरच्या दर पस्तीस पिक्सेलमागे एकच पिक्सेल पलीकडे पोहोचतो. १०८०पी असेल तर सुमारे वीस लाख. व्हिडिओ कॉलसाठी दोन मेगापिक्सेलच्या वरचं जे काही आहे ते चित्रात थेट पोहोचत नाहीच. चांगल्या सेन्सरमध्ये शेजारचे चार बारीक पिक्सेल एकत्र करून एक मोठा केला जातो आणि त्याने थोडा फायदा होतो. पण हा फायदा एवढा मोठा नाही की त्यासाठी १६ सोडून ३२ मेगापिक्सेलचा फोन घ्यावा. फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी.

शिवाय ७२०पी चित्र दर वेळी जातंच असंही नाही. झूमने दिलेल्या अंदाजानुसार दोघांच्या कॉलमध्ये ७२०पीसाठी सेकंदाला १.२ मेगाबिट अपलोड लागतो आणि १०८०पीसाठी ३ मेगाबिटच्या पुढे. नेट त्याहून कमी पडलं की ॲप न विचारता चित्र लहान करतं. ३६०पीवर आलं की पिक्सेल पाव होतात, आणि मग मागच्या कॅमेऱ्यासमोर धरलेल्या वहीलाही मिलिमीटरला अडीचच पिक्सेल मिळतात. मोठ्या वर्गात प्रत्येक मुलाचा चौकोन लहान असतो, म्हणून ॲप मोठं चित्र मागवतच नाही. बाईंनी वही दाखवणाऱ्या मुलाला पिन करून मोठं केलं की जास्त बारकावे येण्याची शक्यता वाढते. वही वाचायची असेल तेव्हा आधी पिन करायची, मग वाचायची, ही सवय शिक्षकांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला आपल्याच पडद्यावर जे दिसतं, ते पलीकडे जाणारं चित्र नसतं. ते कॅमेऱ्यातून थेट आलेलं, न दाबलेलं चित्र असतं. त्यामुळे “मला तर नीट दिसतंय” या वाक्याला काही अर्थ उरत नाही. खरं चित्र पाहायचं तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरावं, आवाज बंद करावा आणि त्या फोनवर स्वतःला पाहावं. संगणकावरच्या झूममध्ये Settings मध्ये Statistics नावाचा भाग आहे, तिथे या क्षणी किती पिक्सेलचं चित्र जातंय आणि सेकंदाला किती फ्रेम, हे आकड्यांत दिसतं. व्हॉट्सॲपमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय कधीतरी चालू करून ठेवलेला असतो आणि नंतर विसरला जातो. चित्र कायम फुटत असेल तर तो आधी तपासावा.

फोकस झाला, पिक्सेल झाले. पण या दोन्हींच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे उजेड, आणि माझ्या मते कॉलचं चित्र बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण तीच आहे.

उजेड लक्समध्ये मोजतात. दिवसा खिडकीपाशी, ऊन अंगावर न घेता बसलं तर चेहऱ्यावर पाचशे लक्स सहज मिळतात. रात्री छतालगतची एकच ट्यूब, तीही पाठीमागे, असं असेल तर चेहऱ्यावर पन्नासच्या आसपास पडतात. आपल्या डोळ्यांना हा दसपट फरक फारसा जाणवत नाही, कारण डोळे सरावतात. कॅमेऱ्याला तो पुरता जाणवतो. सेकंदाला तीस फ्रेम पाठवायच्या असतील तर एका फ्रेमला फार तर एक तिसांश सेकंद प्रकाश गोळा करता येतो. एफ/२.२च्या कॅमेऱ्याला एवढ्या वेळात पाचशे लक्समध्ये आयएसओ सत्तर-पंचाहत्तर पुरतो. पन्नास लक्समध्ये तो सातशेच्या पुढे न्यावा लागतो, आणि दिवा मालवून फक्त मंद उजेडात, दहा लक्समध्ये बसलं तर साडेतीन हजारांच्या वर. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. आलेला थोडका संकेत फक्त मोठा केला जातो आणि त्याबरोबर त्यातली खरखरही मोठी होते. चित्रात नाचणारे रंगीत दाणे म्हणजे तीच खरखर.

हे दाणे तसेच ठेवले तर चेहरा विद्रूप दिसेल, म्हणून फोन ते पुसतो. शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळा दिसणारा एकटा ठिपका म्हणजे दाणा, असं समजून तो सपाट केला जातो. दशांशचिन्हही शेजारपासून वेगळा असलेला एकटा ठिपकाच असतं. फोनला दोन्हींत फरक कळत नाही आणि दाण्यांबरोबर तेही पुसलं जातं. कमी उजेडात कातडी मेणासारखी गुळगुळीत का दिसते आणि भुवयांचे केस एकमेकांत का मिसळतात, त्याचं कारण हेच.

यानंतरही काही दाणे उरतातच, आणि पुढच्या टप्प्यावर ते आणखी नुकसान करतात. व्हिडिओ पाठवताना प्रत्येक फ्रेम संपूर्ण पाठवत नाहीत. मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. भिंत, कपाट, पडदा जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर फारसा डेटा खर्च होत नाही आणि तो सगळा चेहऱ्याला मिळतो. दाणे मात्र दर फ्रेमला वेगळ्या जागी असतात. भिंतसुद्धा सतत बदलते आहे असं ॲपला वाटतं आणि १.२ मेगाबिटमधला मोठा हिस्सा भिंतीवरचे दाणे पाठवण्यात जातो. चेहऱ्याच्या वाट्याला कमी येतं आणि तो चौकोनी ठोकळ्यांत फुटतो. “आज नेट खराब आहे” असं आपण म्हणतो. नेट तेवढंच असतं, उजेड कमी असतो. ही गोष्ट पडताळून पाहता येते. कॉल चालू असताना दुसऱ्या फोनवर चित्र बघत समोरचा दिवा लावा. ठोकळे नाहीसे झाले तर दोष नेटचा नव्हता.

काही फोन अंधारात वेगळी तडजोड करतात. सेकंदाला तीसऐवजी पंधराच फ्रेम घेतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ प्रकाश मिळतो. स्थिर चेहरा त्यामुळे बरा दिसतो, पण हालचाल मार खाते. हात सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने हलला तर एक पंधरांश सेकंदात तो दोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि चित्रात तेवढाच लांब ओघळ दिसतो. पुण्या-मुंबईतले गुरू परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन तबला शिकवतात, तेव्हा बोट चाटीवर पडलं की लवेवर, हे पाहणं हाच शिकवण्याचा गाभा असतो. दोन सेंटिमीटरच्या ओघळात ते कळत नाही. अशा शिकवणीत विद्यार्थ्याने हातांवर पडेल असा दिवा लावला नाही तर गुरूंना ऐकण्यावरच भागवावं लागतं.

ऑटोफोकसही उजेडावर अवलंबून असतो. आजकालचा ऑटोफोकस भिंगाच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेली चित्रं ताडून पाहतो आणि त्यांच्यातल्या अंतरावरून भिंग किती सरकवायचं ते ठरवतो. उजेड कमी झाला की दोन्ही चित्रांत दाणे भरतात आणि जुळणी चुकते. मग कॅमेरा भिंग थोडं पुढे नेऊन बघतो, थोडं मागे नेऊन बघतो, आणि ठरत नाही म्हणून पुन्हा सुरुवात करतो. हे सहज ओळखू येतं. चित्र दर काही सेकंदांनी धूसर होऊन परत रेखीव होतं आणि त्याच वेळी चित्राच्या कडा किंचित आतबाहेर होतात. संगणकाला जोडायच्या ऑटोफोकस वेबकॅममध्ये हा प्रकार पुष्कळ दिसतो. तिथे वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ऑटोफोकस बंद करून, आपण बसतो त्या अंतरावर फोकस हाताने पक्का करता येतो. नुसतं बोलायचं असेल तेव्हा तेच करावं.

ॲपमधल्या कमी उजेडासाठीच्या सोयींवर फार भिस्त ठेवू नये. झूममध्ये Adjust for low light आहे, व्हॉट्सॲपमध्ये कॉलच्या वेळी कमी उजेडासाठीचं बटण आहे. ही साधनं चित्र उजळ करतात, प्रकाश आणत नाहीत. चेहरा ओळखू येण्यापुरता त्यांचा उपयोग होतो, पुसली गेलेली अक्षरं मात्र ती परत आणत नाहीत. फोनच्या रात्रीच्या फोटोंचं कौतुक पाहून कुणी फोन घेत असेल तर त्याने हे जाणून घ्यावं, की त्या फोटोसाठी फोन अनेक फ्रेम घेऊन त्या एकावर एक जुळवतो आणि त्यासाठी वेळ घेतो. चालू कॉलमध्ये तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून फोन बघताना पुढचा कॅमेरा व्हिडिओवर ठेवून, दुकानाच्या झगझगीत दिव्यांपासून दूर, कोपऱ्यात जाऊन पाहावा.

उजेड आणायला मोठा खर्च लागत नाही. नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेनचा असतो. तो टेबललॅम्पमध्ये लावून चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर ठेवला तर चेहऱ्यावर दीडशे-दोनशे लक्स पडतात, म्हणजे मागच्या ट्यूबच्या तिप्पट-चौपट. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून छतावरचा मोठा दिवा बदलण्यापेक्षा छोटा दिवा जवळ आणणं जास्त कामाचं ठरतं. चष्मा असेल तर दिवा समोर न ठेवता थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या वर ठेवावा, नाहीतर काचांवर बल्ब चमकतो. डोळ्यांना उजेड टोचत असेल तर दिवा समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. लक्स कमी होतात, पण सावल्या मऊ पडतात. दिवसा खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. पाठीमागे असली की कॅमेरा त्या लख्ख चौकोनाकडे पाहून उजेड कमी करतो आणि चेहरा काळा पडतो.

वहीसाठी आणखी एक. दिवा थेट वरून असेल तर वही धरणाऱ्या हाताची आणि फोनची सावली पानावर पडते. बाजूने तिरका आलेला उजेड चांगला, पण गुळगुळीत कागदाच्या पुस्तकावर तो चमकतो. तेव्हा पुस्तक हळूहळू कलतं करत चमक पानाबाहेर जाईल असा कोन शोधावा.

कधी कधी उजेड भरपूर असूनही चित्रावर वरून खाली सरकणारे काळसर पट्टे दिसतात. त्याचं मूळ विजेत आहे. भारतात वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातले काही एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याने एका फ्रेमसाठी शंभरांश सेकंदाच्या पटीत प्रकाश घेतला तर मंद-तेज सगळीकडे सारखं वाटलं जातं आणि पट्टे येत नाहीत. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची आहे. मुलाने किंवा मुलीने तिकडून आणून दिलेला वेबकॅम साठवर ठेवलेला असेल तर इथल्या ट्यूबखाली तो पट्टे दाखवतो. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये 50 Hz निवडलं की काम होतं. फोन बहुधा हे आपलं आपण ओळखतात.

या सगळ्याच्या आधी करायचं काम म्हणजे भिंग पुसणं. पुढचा कॅमेरा पडद्यालाच लागून असल्याने कॉलवर बोलताना गालाचा आणि बोटांचा तेलकटपणा त्याच्यावर येतोच. दिव्याभोवती धुरकट वलय दिसतं आणि काळं कधी पुरतं काळं होत नाही, ही त्याची खूण. पुसूनही वलय राहिलं तर स्क्रीनगार्ड पाहावा. कॅमेऱ्यावरचा भाग कापलेला नसेल तर काचेच्या दोन थरांत धूळ किंवा गोंद अडकलेला असतो.

मग फोन कुणी बदलावा? ज्यांचा कॉल म्हणजे समोर बसून बोलणं आहे, त्यांना पुढच्या ऑटोफोकसची गरज नाही. त्यांनी आधी दिवा घ्यावा. ज्या मुलाला अधूनमधून वही दाखवायची आहे, त्याने मागचा कॅमेरा वापरावा. जे रोज, तासन्‌तास, चेहरा आणि हातातली वस्तू आळीपाळीने दाखवतात, म्हणजे विज्ञानाचे शिक्षक, चित्रकला किंवा विणकाम शिकवणाऱ्या बाई, ऑनलाइन तपासणी करून घेणारे रुग्ण, त्यांना दर वेळी कॅमेरा बदलणं जमत नाही. त्यांच्यासाठी पुढचा ऑटोफोकस खरोखर उपयोगाचा आहे. दुकानात दोन फोन समोर असतील, एक ३२ मेगापिक्सेल फिक्स्ड फोकसचा आणि दुसरा १२ मेगापिक्सेल ऑटोफोकसचा, तर त्यांनी दुसरा घ्यावा. त्याआधी कोपऱ्यातल्या कमी उजेडात व्हिजिटिंग कार्डाची चाचणी व्हिडिओवर करून पाहावी आणि कार्डावरच्या ईमेल पत्त्यातली टिंबं वाचता येतात का ते बघावं.